कॅमेऱ्यातील प्रतिमा-स्थिरीकरण आणि ट्रायपॉड

कॅमेऱ्यातील प्रतिमा-स्थिरीकरण ही छायाचित्रणातील अशी व्यवस्था आहे, जिच्यात कॅमेरा हलला असता त्याच्या बॉडीत बसवलेला प्रतिमा-सेन्सर विरुद्ध दिशेने सरकवून चित्र स्थिर राखले जाते. हातात धरलेल्या कॅमेऱ्याने कमी प्रकाशातही स्पष्ट छायाचित्र मिळावे, हा या व्यवस्थेचा हेतू आहे. परंतु कॅमेरा भक्कम ट्रायपॉडवर (तिपाईवर) बसवून दीर्घ एक्स्पोजर घेतल्यास हीच व्यवस्था चित्र अस्पष्ट करू शकते. दुरुस्त करण्याजोगे कंपन त्या वेळी जवळजवळ नसते आणि मापक यंत्रणेच्या स्वतःच्या सूक्ष्म चुकांनाच कंपन समजून सेन्सर सरकत राहतो. यामुळे ट्रायपॉड वापरताना स्थिरीकरण बंद करावे, अशी सूचना अनेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकांत आढळते. ही सूचना सरसकट लागू पडत नाही. आधार कितपत निश्चल आहे, शटर किती वेळ उघडे राहणार आहे आणि भिंगाचे नाभीय अंतर किती आहे, यांवर ती अवलंबून असते.

## पार्श्वभूमी

प्रतिमा-स्थिरीकरण प्रथम भिंगात आले. कॅनन कंपनीने १९९५ साली ७५–३०० मिलिमीटरचे स्थिरीकरणयुक्त भिंग बाजारात आणले. एसएलआर कॅमेऱ्यासाठीचे ते अशा प्रकारचे पहिले बदलता येणारे भिंग होते. त्यात भिंगातील काचांचा एक गट सरकवून प्रकाशकिरणांची दिशा दुरुस्त केली जात असे. काच न हलवता सेन्सरच हलवण्याची पद्धत मिनोल्टाच्या डिमाज ए१ (२००३) या कॅमेऱ्यात आली आणि पुढील वर्षी कोनिका मिनोल्टाच्या डायनॅक्स ७डी या डिजिटल एसएलआरमध्ये वापरली गेली. या पद्धतीत स्थिरीकरण बॉडीतच असल्याने साध्या व जुन्या भिंगांनाही त्याचा लाभ मिळतो.

आरंभीच्या यंत्रणा मुख्यतः कॅमेरा वर-खाली व डावी-उजवीकडे झुकण्याची दुरुस्ती करीत. ऑलिंपसच्या ओएम-डी ई-एम५ (२०१२) या कॅमेऱ्यात पाच अक्षांवरील दुरुस्ती आली. सोनीच्या अल्फा ७ मार्क २ (२०१४) मध्ये ती पूर्ण आकाराच्या सेन्सरला लागू झाली. निकॉनने २०१८ साली झेड ६ व झेड ७ मध्ये, तर कॅननने २०२० साली ईओएस आर५ व आर६ मध्ये बॉडीतील स्थिरीकरण दिले.

## कार्यपद्धती

या व्यवस्थेचे तीन भाग असतात. पहिला भाग मोजणीचा. कॅमेऱ्यातील सूक्ष्म जायरोस्कोप बॉडी कोणत्या अक्षाभोवती किती वेगाने फिरत आहे, हे सेकंदाला अनेक शेकडो वेळा मोजतात. अनेक कॅमेऱ्यांत सरळ रेषेतील हालचाल मोजण्यासाठी त्वरणमापकही असतात. दुसरा भाग गणिताचा. जायरोस्कोप केवळ फिरण्याचा वेग सांगतो, फिरलेला कोन सांगत नाही. कोन काढण्यासाठी प्रत्येक क्षणीच्या वेगाची वेळेनुसार बेरीज करीत जावे लागते. या कोनाला भिंगाच्या नाभीय अंतराने गुणले की प्रतिमा सेन्सरवर किती सरकली, हे कळते. तिसरा भाग हालचालीचा. सेन्सर एका सरकत्या पट्टीवर बसवलेला असतो आणि चुंबक व तारेच्या वेटोळ्यांतून निर्माण होणाऱ्या बलाने ही पट्टी हव्या त्या जागी नेली जाते.

या रचनेत सेन्सर बहुधा कोणत्याही खुंटीला टेकलेला नसतो. स्थिरीकरण चालू असताना तो चुंबकीय बलाने तरंगता ठेवलेला असतो. स्थिरीकरण बंद केले तरी अनेक कॅमेऱ्यांत विद्युत्प्रवाहाच्याच साहाय्याने तो मध्यभागी धरून ठेवला जातो. कॅमेरा पूर्ण बंद असताना हलवल्यास आतून खुळखुळ ऐकू येते, ती या मोकळ्या पट्टीची असते. तो बिघाड नव्हे.

## ट्रायपॉडवर अस्पष्टता येण्याची कारणे

### मापनातील सरक

पूर्णपणे निश्चल असलेल्या जायरोस्कोपनेही शून्य हा आकडा दाखवावा, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो शून्याच्या आसपासचा एखादा अगदी लहान आकडा दाखवतो आणि हा आकडा तापमानानुसार व काळानुसार बदलत राहतो. कोन काढताना वेगाची बेरीज केली जात असल्याने ही लहान चूकही प्रत्येक क्षणी बेरजेत मिळत जाते. परिणामी कॅमेरा जागचा हललेला नसतानाही तो हळूहळू एका बाजूला फिरत आहे, असा निष्कर्ष यंत्रणा काढते व सेन्सर त्या मानाने सरकवते. एक्स्पोजर चालू असताना असे घडल्यास प्रतिमा सेन्सरवर पुसल्यासारखी पसरते. या दोषास मापनातील सरक म्हणता येईल.

पृथ्वीचे परिवलन हे या सरकीचे एक उद्बोधक उदाहरण आहे. जायरोस्कोप फिरणे मोजतो ते जमिनीच्या सापेक्ष नव्हे, तर दूरच्या ताऱ्यांच्या सापेक्ष. ट्रायपॉडवरचा कॅमेरा जमिनीबरोबर सेकंदाला सुमारे ०.००४२ अंश या वेगाने फिरत असतो. यंत्रणेने हे फिरणे कंपन समजून दुरुस्त केले, तर तारे जागच्या जागी राहतील. पण समोरची इमारत किंवा डोंगर मात्र चित्रात सरकेल. कोणता भाग पृथ्वीच्या परिवलनाचा, कोणता जायरोस्कोपच्या चुकीचा आणि कोणता छायाचित्रकाराच्या हाताच्या संथ झुकण्याचा, हे केवळ जायरोस्कोपच्या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही.

यावर उपाय म्हणून अतिशय संथ हालचालींकडे दुर्लक्ष करणारी गाळणी गणितात घातलेली असते. मात्र गाळणी कडक केली तर हातातील कॅमेऱ्याचे संथ डोलणे दुरुस्त होत नाही आणि सैल ठेवली तर सरक आत शिरते. कॅमेऱ्याची रचना मुख्यतः हाताच्या वापरासाठी असल्याने काही सरक शिल्लक राहतेच.

### यंत्रणेच्या स्वतःच्या हालचालीची पुनरावृत्ती

दुसरे कारण यांत्रिक आहे. सेन्सरला व त्याच्या पट्टीला वजन असते. ती एका बाजूला ढकलली जाते तेव्हा बॉडीला विरुद्ध दिशेने अगदी हलका धक्का बसतो. हातात धरलेल्या कॅमेऱ्याच्या बाबतीत हा धक्का तळहात व बोटे शोषून घेतात. ट्रायपॉडचे धातूचे किंवा कार्बन तंतूचे पाय, डोके व भिंग यांची जोडणी मात्र ताणलेल्या तारेसारखी असते व ती धक्का तितकासा शोषत नाही. त्यामुळे झालेले कंपन जायरोस्कोप पुन्हा मोजतो आणि यंत्रणा त्यावर आणखी दुरुस्ती करते. ध्वनिक्षेपकासमोर ध्वनिवर्धक आणल्यास शीळ सुरू होते, त्याच जातीचा हा प्रकार आहे. लांब व जड भिंग आणि हलका ट्रायपॉड यांच्या जोडीत तो अधिक संभवतो.

## आकड्यांतील उदाहरण

दोषाचे प्रमाण समजण्यासाठी ३६ मिलिमीटर रुंदीचा व रुंदीत ६,००० पिक्सेल असलेला सेन्सर घेता येईल. त्यातील एका पिक्सेलची रुंदी ०.००६ मिलिमीटर असते. मापनातील शिल्लक सरक सेकंदाला ०.००५ अंश, म्हणजे पृथ्वीच्या परिवलनाच्या वेगाहून किंचित अधिक, इतकी मानली आहे. हा आकडा केवळ हिशेबासाठी गृहीत धरला असून प्रत्येक कॅमेऱ्यात तो निराळा असतो.

२०० मिलिमीटर भिंगातून एक पिक्सेल सुमारे ०.००१७ अंश कोन व्यापतो. शटर २ सेकंद उघडे राहिल्यास सरक ०.०१ अंश होते, म्हणजे प्रतिमा जवळजवळ ६ पिक्सेल पसरते. असे चित्र ३० सेंटिमीटर रुंदीवर छापले तर प्रत्येक बिंदू ०.३ मिलिमीटर लांबीची रेघ होतो. दूरच्या दिव्यांच्या कडा किंवा पाटीवरील अक्षरे तेवढ्याने स्पष्टपणे मऊ दिसतात.

याच भिंगाने १/२५० सेकंदाचे छायाचित्र घेतल्यास तीच सरक पिक्सेलच्या सुमारे शंभराव्या भागाइतकी उरते व ती दिसणे शक्य नसते. स्थिरीकरण चालू ठेवून ट्रायपॉडवर काढलेली दिवसाची छायाचित्रे अनेकदा निर्दोष येतात, त्याचे कारण हे आहे. त्यावरून रात्रीच्या छायाचित्रांबाबत अनुमान काढता येत नाही.

२४ मिलिमीटरच्या रुंदकोनी भिंगातून एक पिक्सेल सुमारे ०.०१४ अंश व्यापतो. त्यामुळे २ सेकंदांत होणारी ०.०१ अंशाची सरक एका पिक्सेलच्या आतच राहते. पण शटर ३० सेकंद उघडे ठेवले आणि सरक त्याच दिशेने चालू राहिली, तर ती ०.१५ अंश, म्हणजे सुमारे १० पिक्सेल होते. प्रत्यक्षात सरक सदैव एकाच दिशेने वाढत नाही. गाळणीमुळे सेन्सर अधूनमधून मध्याकडे परततो आणि प्रतिमेची सरळ रेघ न होता वेडीवाकडी वळणे उमटतात.

हाताच्या बाबतीत हिशेब उलटा होतो. हातातील कॅमेरा सेकंदाला १ अंश या वेगाने डोलत आहे असे धरले, तर २०० मिलिमीटर भिंगाने १/३० सेकंदात प्रतिमा सुमारे १९ पिक्सेल पसरते. तेवढ्याच वेळात मापनातील चूक पिक्सेलच्या दहाव्या भागाइतकी असते. येथे यंत्रणा १९ पिक्सेलांचा दोष काढू पाहते आणि त्या बदल्यात नगण्य चूक आणते. ट्रायपॉडवर काढण्याजोगा दोष मुळात शून्याजवळ असल्याने उरते ती केवळ चूक.

## लक्षणे

या प्रकारच्या अस्पष्टतेची सर्वांत ठळक खूण म्हणजे तिच्यातील अनियमितता. एकाच मांडणीतून लागोपाठ घेतलेल्या दहा छायाचित्रांपैकी काही पूर्ण स्पष्ट, काही किंचित मऊ आणि एखादे उघड हललेले दिसते. पसरण्याची दिशाही प्रत्येक चित्रात निराळी असते. चित्रात दूरचा दिवा असल्यास तो गोल बिंदूऐवजी लहान आकडा, स्वल्पविराम किंवा गुंतलेल्या दोऱ्यासारखा उमटतो. शिवाय ट्रायपॉडला हात लावलेला नसतानाही एका चित्रातील चौकट दुसऱ्या चित्राच्या तुलनेत काही पिक्सेल सरकलेली आढळते, कारण प्रत्येक वेळी सेन्सर नेमक्या त्याच जागी थांबलेला नसतो.

अस्पष्टतेची इतर कारणे यापासून ओळखता येतात. फोकस चुकल्यास दिव्याचा बिंदू सर्व बाजूंनी सारखा फुगतो आणि प्रत्येक चित्रात दोष तेवढाच राहतो. शटरच्या पडद्याचा धक्का बसल्यास पसरणे बहुधा उभ्या दिशेत असते आणि ते साधारण १/६० ते १/४ सेकंदाच्या पट्ट्यात अधिक जाणवते. कित्येक सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये धक्क्याचा काळ एकूण वेळेच्या मानाने फारच थोडा असल्याने ते पुसट होते. वाऱ्याचा परिणाम स्थिरीकरण बंद असतानाही तसाच राहतो. मऊ जमिनीत ट्रायपॉडचा पाय रुतत असल्यास चौकट एकाच दिशेने, बहुधा खालच्या बाजूस, सरकत जाते.

### पडताळणी

दोष स्थिरीकरणाचाच आहे किंवा नाही, हे घरच्या घरी तपासता येते. कॅमेरा फरशीवर पक्क्या उभ्या केलेल्या ट्रायपॉडवर बसवून मधला दांडा खाली ठेवतात व बारीक छपाई असलेला कागद भिंतीवर लावतात. फोकस एकदा साधून तो हाताने बदलण्याच्या स्थितीत ठेवतात, म्हणजे प्रत्येक चित्रागणिक तो बदलत नाही. शटर २ सेकंदांवर नेण्यासाठी संवेदनशीलता किमान ठेवून छिद्र लहान करतात आणि कळ दाबण्याचा धक्का टाळण्यासाठी सेल्फ-टायमर किंवा दूरनियंत्रक वापरतात. स्थिरीकरण चालू ठेवून दहा आणि बंद करून दहा छायाचित्रे घेतली जातात व ती पडद्यावर १०० टक्के आकारात शेजारी शेजारी पाहिली जातात. एकेका चित्राची तुलना पुरेशी नसते, कारण स्थिरीकरण चालू असतानाही काही चित्रे चांगली येतातच. दहांपैकी किती बिघडली, हे पाहावे लागते. बंद स्थितीतही तितकीच चित्रे बिघडत असतील, तर दोष ट्रायपॉड, डोके किंवा मजल्याच्या हादऱ्यांत शोधावा लागतो.

दूरच्या प्रवासास किंवा पुन्हा न मिळणाऱ्या प्रसंगास जाण्यापूर्वी ही पडताळणी विशेष उपयोगी ठरते. कॅमेऱ्याच्या मागील लहान पडद्यावर पूर्ण चित्र पाहताना ५–६ पिक्सेलांची अस्पष्टता दिसत नाही आणि ती घरी परतल्यावरच लक्षात येते.

## स्थिरीकरण बंद करण्याचे प्रसंग

भक्कम ट्रायपॉड आणि सुमारे अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ उघडे राहणारे शटर, ही स्थिरीकरण बंद करण्याची मुख्य परिस्थिती होय. रात्रीची शहरे, धबधब्याचे रेशमासारखे पाणी, इमारतींची अंतर्दृश्ये व चित्रांच्या प्रतिकृती यांचा यात समावेश होतो. नाभीय अंतर जितके अधिक, तितकी ही मर्यादा लवकर गाठली जाते.

अनेक चित्रे एकावर एक रचायची असतात, तेव्हा प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे स्पष्ट असूनही अडचण येऊ शकते. कमी-अधिक प्रकाशाची चित्रे जोडणे, फोकसचे थर रचणे किंवा ठरावीक अंतराने चित्रे घेऊन कालसंक्षेपी चित्रफीत बनवणे, या कामांत चौकट जागची हलू नये अशी अपेक्षा असते. सेन्सर दर वेळी वेगळ्या जागी थांबल्यास चित्रफितीत थरथर दिसते.

सेन्सर एकेका पिक्सेलने किंवा त्याहूनही कमी अंतराने सरकवून, अनेक चित्रांतून एक अधिक तपशीलवार चित्र घडवण्याची सोय काही कॅमेऱ्यांत असते. त्या वेळी सेन्सरची पट्टी दुसऱ्या कामास लागलेली असते व ट्रायपॉडची निश्चलता अनिवार्य ठरते. पेंटॅक्सच्या काही कॅमेऱ्यांत पृथ्वीच्या परिवलनानुसार सेन्सर मुद्दाम सरकवून तारे बिंदुरूप टिपले जातात. अशा वेळी तारे स्थिर राहतात व जमिनीवरील दृश्य पसरते. वर वर्णन केलेला दोषच येथे मोजून-मापून उपयोगात आणलेला आहे.

ट्रायपॉडवरील चलचित्रणात कॅमेरा हळूहळू आडवा फिरवताना स्थिरीकरण त्या फिरण्यालाच कंपन समजते. फिरवण्याच्या आरंभी चित्र क्षणभर अडते आणि थांबल्यावर पुढे सरकून मग स्थिरावते. असे आडवे फिरवणे चित्रित करायचे असल्यास स्थिरीकरण बंद ठेवले जाते.

## स्थिरीकरण चालू ठेवण्याचे प्रसंग

ट्रायपॉड वापरला म्हणजे आधार निश्चल झाला, असे नाही. होडी, चालते वाहन, झुलता पूल किंवा पावलांनी हादरणारा लाकडी मजला यांवर उभा असलेला ट्रायपॉड आधारासह हलतो. तेथे दुरुस्त करण्याजोगे कंपन खरोखर असते. एकपायी आधारावर कॅमेरा पुढे-मागे व बाजूंना झुकत राहतो, म्हणून तेथेही स्थिरीकरण उपयोगी असते. पक्षी टिपण्यासाठी लांब भिंग ट्रायपॉडच्या मोकळ्या सोडलेल्या डोक्यावर ठेवून हाताने फिरवले जाते, तेव्हा कॅमेरा वस्तुतः हातातच असतो. शटरही बहुधा १/५०० सेकंद किंवा त्याहून कमी काळ उघडे राहत असल्याने सरकीचा धोका उरत नाही आणि दृश्यदर्शकातील चित्र स्थिर राहून नेम धरणे सोपे जाते.

जोरदार वाऱ्यात हलका ट्रायपॉड थरथरत असल्यास निर्णय सोपा नसतो. शटर १/३० सेकंदासारखे लहान असेल तर स्थिरीकरणाचा लाभ होऊ शकतो. ते १० सेकंदांचे असेल तर ट्रायपॉडला पिशवीचे वजन लावणे, पाय आखूड करणे किंवा भिंगाचे टोपण काढून वाऱ्याला अडणारे क्षेत्र कमी करणे, हे उपाय अधिक खात्रीचे असतात.

## स्वयंचलित ओळख व कॅमेऱ्यांतील सोयी

काही कॅमेरे व भिंगे जायरोस्कोपच्या आकड्यांवरून ट्रायपॉड ओळखतात. हाताचे नैसर्गिक डोलणे ठरावीक काळ आढळले नाही, तर यंत्रणा दुरुस्ती थांबवते किंवा सौम्य करते. कॅननच्या १९९९ पासूनच्या मोठ्या दूरदर्शी भिंगांत अशी ओळख देण्यात आली होती. पेंटॅक्सच्या अनेक कॅमेऱ्यांत सेल्फ-टायमर किंवा दूरनियंत्रक निवडताच स्थिरीकरण आपोआप बंद होते. या ओळखीची मर्यादा अशी की, तिला निर्णयासाठी वेळ लागतो. वाऱ्याची झुळूक किंवा रस्त्यावरील ट्रकचा हादरा आला की ती पुन्हा हाताचा वापर गृहीत धरू शकते आणि तो बदल एक्स्पोजरच्या मध्यावरही होऊ शकतो.

स्थिरीकरण बंद करण्याची सोय प्रत्येक कंपनीत वेगळ्या नावाने असते. सोनीच्या कॅमेऱ्यांत ती `SteadyShot`, निकॉनमध्ये `Vibration reduction`, फुजीफिल्ममध्ये `IS MODE` या नावाखाली आढळते. भिंगावर स्वतंत्र कळ असल्यास अनेक संचांत तीच कळ भिंग व बॉडी या दोहोंचे स्थिरीकरण नियंत्रित करते आणि सूचीतील पर्याय त्या वेळी निवडता येत नाही. अन्य काही जोड्यांत, विशेषतः जुने भिंग अडॅप्टरने लावले असता, दोन्ही स्वतंत्रपणे बंद करावी लागतात. केवळ भिंगाची कळ बंद करून बॉडीतील स्थिरीकरण नकळत चालू राहिल्यास दोष कायम राहतो.

याच्या उलट, ट्रायपॉडवरून कॅमेरा काढल्यावर स्थिरीकरण पुन्हा चालू करण्याचे विसरल्यास हातातील छायाचित्रे हलतात. हे टाळण्यासाठी कॅमेऱ्याच्या स्मृतीत जतन करता येणाऱ्या मांडण्यांपैकी एक ट्रायपॉडसाठी राखून ठेवली जाते. तिच्यात स्थिरीकरण बंद, सेल्फ-टायमर २ सेकंद व किमान संवेदनशीलता या गोष्टी एकत्र नोंदवलेल्या असतात आणि तबकडी फिरवताच हाताची मांडणी जशीच्या तशी परत मिळते.